कार्डावरचं शून्य

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात तिला सगळे शिमताई म्हणत. शिम म्हणजे पितळेची पातळ पट्टी. मोटर किंवा पंप केसभर उचलायचा असला की त्याच्या पायाखाली ही पट्टी सारतात. तिच्याकडे गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात जाडीप्रमाणे लावलेल्या शिम. प्रत्येकीवर खिळ्याने जाडी कोरलेली. डबा उजव्या खिशात. जेवायला बसली तरी खिशात.

मी त्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. त्यातली चौदा वर्षं ती माझ्याबरोबर होती. कामाच्या बाबतीत मी सहज कुणाचं कौतुक करत नाही, हे मला ओळखणारे सांगतील. तिचं करतो, त्याला कारण आहे.

ती आमच्याकडे आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड झालेला, वर एक वर्ष अप्रेंटिस. वीस जणांच्या तुकडीत एकटी मुलगी. पहिल्या दिवशी मी तिला लोखंडाचा एक तुकडा दिला आणि म्हणालो, "याची एक बाजू सपाट कर." फिटरची परीक्षा पाहायला दुसरं काही लागत नाही. बाकीची पोरं कानस घेऊन दहा मिनिटं घासतात आणि दाखवायला आणतात. हिने निळा रंग मागितला. सपाट प्लेटीवर रंगाचा हात फिरवला, तुकडा त्यावर टेकवला आणि जिथे निळं लागलं तेवढंच कानसलं. पुन्हा टेकवला. पुन्हा कानसलं. जेवणाची घंटा झाली तरी हलली नाही. दुपारी तुकडा माझ्या हातात दिला तेव्हा अख्ख्या बाजूवर निळे ठिपके सारखे उठले होते.

"कुणी शिकवलं?"

"आयटीआयत सर होते. ते म्हणायचे, डोळा खोटं बोलतो, निळा रंग बोलत नाही."

"आणि तू दहावीला नापास झालीस म्हणून आयटीआयत गेलीस का?" मी मुद्दाम डिवचलं. तेव्हा सगळ्यांचा समज तसाच होता. ज्याला काही जमत नाही तो आयटीआयत, ज्याला जमतं तो पॉलिटेक्निकला.

"एक्याऐंशी टक्के होते," ती म्हणाली. "दादा आधीच डिप्लोमाला होता. तीन वर्षांची फी दोघांची नाही झेपायची. बाबा म्हणाले, तू दोन वर्षांत पायावर उभी राहशील. राहिले."

एवढंच. रडगाणं नाही. तिचा दादा डिप्लोमा होऊन टायर विकण्याच्या कंपनीत लागला आणि त्याने जन्मात पाना हातात धरला नाही, हे मला पुढे कळलं. त्याचं सर्टिफिकेट मात्र घराच्या भिंतीवर चौकटीत होतं. तिचं ट्रंकेत.

आता कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

बॉयलरला पाणी ढकलणारा आमचा एक पंप होता. त्यातून जवळजवळ उकळतं पाणी जायचं. पंपाला फिरवते शेजारची मोटर आणि दोघांच्या दांड्यांना जोडतं ते कपलिंग. दोन्ही दांडे एका सरळ रेषेत हवेत. नाहीतर कपलिंगमधली रबरं चावली जातात आणि बेअरिंग तापतं. ही रेषा आम्ही डायल गेजने बघतो. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

माझ्या उस्तादाने मला सांगितलं होतं, या पंपाला मोटर पंधरा रेघा वर ठेव. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ठेवली की पंप वर्षभर गप्प चालायचा. हेच मी शिमताईला सांगितलं. तिने विचारलं, "का?" मी म्हणालो, "चालतो म्हणून."

पण कामाच्या कार्डावर रकाना होता: 'फरक', आणि छापील अपेक्षित आकडा होता शून्य. शून्याशिवाय काही लिहिलं तर स्टोअरपासून ऑफिसपर्यंत चार जण विचारणार. मग आम्ही हाताने पंधरा ठेवायचो आणि कार्डावर शून्य लिहायचो. उस्तादाने लिहिलं, मी लिहिलं, शिमताईनेही लिहिलं. कार्डाखाली दोन रकाने होते. खालचा 'काम करणारा', तिथे आम्ही सही करायचो. वरचा 'तपासणारा', तिथे सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे डिप्लोमावाला. आयटीआयवाल्याची सही वरच्या रकान्यात कधीही जात नसे. तो कारखान्याचा नियमच होता. आणि बहुतेक सुपरवायझर पंपापर्यंत न येता टेबलावरच सही करून मोकळे व्हायचे.

अशी अकरा वर्षं गेली. त्या काळात तीन सुपरवायझर आले. तिघेही पॉलिटेक्निकमधून थेट. तिघांनाही वाल्व कुठे आणि मेन स्विच कुठे हे शिमताईने दाखवलं. वर्षभराने तिघेही तिच्या कामावर सह्या करायला लागले.

चौथा आला तो तेवीस वर्षांचा. बारीक, चष्मेवाला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्याला आम्ही पुढे शून्यसाहेब म्हणायला लागलो. पण एक कबूल केलं पाहिजे. हा माणूस टेबलावर सही करणारा नव्हता.

त्याच्या दुसऱ्याच महिन्यात बॉयलरच्या पंपाचं काम निघालं. शिमताईने पंप लावला. मी शेजारी दुसरा पंप उघडून बसलो होतो. शून्यसाहेब आला, खाली वाकला आणि म्हणाला, "ताई, दांडा फिरवा, मला डायल बघू दे."

तिने फिरवला. काटा तीस रेघा पळाला.

"तीस?" त्याने चष्मा वर केला.

"डायल दुप्पट दाखवतो साहेब. तीस म्हणजे पंधरा."

"ते मला माहीत आहे. पण पंधरा तरी का? शून्य हवं."

"या पंपाला पंधराच ठेवतात."

"कोण ठेवतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोल्ट पुसत होतो. तो बोल्ट आधीच स्वच्छ होता.

"मिस्त्रीकाका ठेवतात. त्यांचे उस्तादही ठेवायचे."

"कारण काय?"

आम्हाला दोघांना कारण माहीतच नव्हतं.

"ताई, उस्तादांचा मान राखून सांगतो," तो म्हणाला, "कारण नसेल तर शून्य करा. आणि मागची सगळी कार्डं बघितलीत मी. सगळीकडे शून्यच आहे. मग आजच पंधरा कसं?"

आमचीच शून्यं आमच्या पुढ्यात येऊन बसली. तिने डबा उघडला, शिम काढल्या, शून्य केलं. त्याने स्वतः डायल पाहिला आणि सही केली.

नवव्या दिवशी कपलिंगमधली रबरं भुसा होऊन खालच्या लोखंडी बेसप्लेटवर पडली. मोटरच्या बेअरिंगला हात लावता येईना. दुसरा पंप मी अजून उघडाच ठेवलेला. बॉयलर बंद, वाफ बंद, मशीन बंद. पूर्ण पाळी पुठ्ठा निघाला नाही.

मोठ्या साहेबांनी कार्ड मागवलं. त्यांचा हिशोब सरळ होता. तपासताना शून्य होतं, म्हणजे तपासणी बरोबर. मग बिघाड नंतरचा, म्हणजे बोल्ट नीट आवळले नसणार. खालच्या रकान्यात सही कुणाची? शिमताईची. तिला पत्र मिळालं: कामात निष्काळजीपणा.

तिचे बोल्ट मी स्वतः उघडले होते. एकही सैल नव्हता. मी मोठ्या साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग कशाने झालं, मिस्त्री?" मी म्हणालो, "पंधरा ठेवायला हवे होते." ते म्हणाले, "का?"

पुन्हा तेच. बाहेर येऊन मी पंप लावला, पंधरा ठेवले आणि कार्डावर शून्य लिहिलं. पंप गप्प चालला. मला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

कॅन्टीनमध्ये मी तिला म्हणालो, "जाऊ दे. पत्रं येतात आणि फाइलीत मरतात. मला तीन मिळालीत."

"पत्राचं नाही काका." ती ताटात बघत म्हणाली. "माझ्या हाताला माहीत होतं. तोंडाला माहीत नव्हतं. हाताची साक्ष कोण घेतं?"

आठवड्याने तिने पॉलिटेक्निकच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या सरळ दुसऱ्या वर्षात घेतात. दिवसाच्या वर्गाला ते पुढे दोन वर्षांचं काम, नोकरीवाल्यांना तीन. वय बत्तीस. वर्गातली बाकीची पोरं तिला आधी मॅडम समजून उभी राहिली, हे तिनेच हसत सांगितलं.

कारखान्यात थट्टेला ऊत आला. वेल्डर म्हणाला, "शिमताई, आता डब्यात पेनं ठेव." इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब झाल्यावर आम्हाला ओळखशील ना?" ती म्हणाली, "तुला तर आत्ताच ओळखून आहे. तीन नंबरच्या पॅनेलचं झाकण लाव आधी."

मीही बोललो. लपवत नाही. म्हणालो, "अकरा वर्षांचा हात तुझ्याकडे आहे. पुस्तकातून फिटर होत नाही."

"फिटर व्हायला नाही जात काका. फिटर आहेच मी."

सरळ दुसऱ्या वर्षात जाणं ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्या वर्षाचं गणित मधल्यामध्ये राहून जातं. ड्रॉइंग तिला सोपं गेलं, मशीनचे भाग तर तिच्या हाताखालून गेलेले. कार्यशाळेच्या तासाला तिथल्या सरांनी तिला बाजूला बसवलं आणि पोरांना म्हणाले, "कानस कशी धरतात ते यांच्याकडे बघा." गणितात मात्र ती पहिल्या सहामाहीत अठरा मार्कांवर आली. दुसऱ्यांदा एकतीस. पास व्हायला चाळीस हवे होते.

तिचा नवरा टेलर. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मी एकदा पँट उसवली म्हणून गेलो होतो. सकाळची सहाची वेळ. ती कापायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेली, तो दुसऱ्या कोपऱ्यात खडूने रेघा मारत होता. पुस्तक तिच्या दादाचं जुनं. समासात दादाने क्रिकेटच्या धावा मांडलेल्या.

"मेव्हण्यांनी गणिताच्या पुस्तकात गणित सोडून सगळं केलंय," नवरा म्हणाला.

"तुम्ही बटणं लावा," ती म्हणाली.

"लावतो. पण मिस्त्री, तुम्हीच सांगा. काल रात्रीपासून एकाच गणिताशी भांडतेय. मी म्हणतो, जुळत नसेल तर उसव आणि पहिल्यापासून शिव. माझ्या धंद्यात तरी दुसरा इलाज नाही."

तिने पुस्तक मिटलं. म्हणाली, "पहिल्यापासून म्हणजे पहिल्या वर्षापासून. जे झालंच नाही त्यावर मी टाके घालतेय."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शून्यसाहेबाच्या टेबलापाशी गेली. सगळं ऑफिस बघत होतं. ज्याच्या सहीने तिला पत्र मिळालं, त्याच्याच समोर उभी.

"साहेब, पहिल्या वर्षाचं गणित शिकवाल?"

तो उठून उभा राहिला. असा गोंधळला की हातातलं पेन खाली पडलं. "ताई, मला वाटलं तुम्ही माझ्याशी बोलणारच नाही."

"बोलायचं काम नाहीच. गणिताचं आहे."

मग रोज अर्धा तास. त्याच्या डब्याशेजारी तिची वही. तो शिकवायचा चांगलं, पण घाई करायचा. ती म्हणायची, "साहेब, परत." तो परत सांगायचा. बदल्यात तिने त्याला हात शिकवला. सांगण्यासारखी एक गोष्ट: एका मोटरचा एक पाय बेसप्लेटला टेकत नव्हता आणि त्याला ते दिसत नव्हतं. तिने पायावर डायल लावला आणि म्हणाली, "बोल्ट सैल करा." काटा बारा रेघा उडाला. "आता आवळा." काटा परत आला. "बघितलंत? बोल्टने मोटर वाकवून बसवलीय. ती जन्मभर कुरकुरणार. चारही पाय असे बघायचे." त्याने ते वहीत लिहून घेतलं. असं लिहून घेणारा सुपरवायझर मी पहिल्यांदाच पाहिला. तेव्हापासून मीही त्याला साहेब म्हणताना दात खाणं सोडलं.

आणि मग तो दिवस. ती माझ्या बाकापाशी कागद घेऊन आली.

"काका, बसा."

"मी उभाच बरा."

"बसा तर. लोखंड तापलं की वाढतं, हे तुम्हाला माहीत आहे. पंपाच्या दांड्याची उंची पायापासून अडीचशे मिलिमीटर. पाणी उकळतं, पंपाचं अंग सत्तर अंशाने तापतं. म्हणजे दांडा एकोणीस रेघा वर जातो. मोटर तितकी तापत नाही, ती पाच रेघा वर जाते. एकोणिसातून पाच गेले?"

"चौदा."

"म्हणून थंड असताना मोटर चौदा वर ठेवायची. दोन्ही तापले की समोरासमोर येतात. शून्य असतं ते गरम असताना. थंड असताना शून्य ठेवलं की गरम झाल्यावर पंप वर आणि मोटर खाली."

मी तो कागद बराच वेळ पाहिला. एकतीस वर्षांतली सत्तावीस वर्षं मी ते केलं होतं आणि आज मला कळलं की मी काय करतोय.

"मग पंधरा कुठून आले?" मी म्हणालो.

"चौदा पुस्तकाचे," ती म्हणाली, "एक तुमच्या उस्तादांचा."

शून्यसाहेब मागेच उभा होता. त्याने तोच कागद उचलला आणि थेट मोठ्या साहेबांकडे गेला. आत काय बोलला ते तिला त्याने सांगितलं नाही. संध्याकाळी तिचं पत्र फाइलीतून निघालं. त्याला मात्र एक मिळालं. त्याने स्वतः मागून घेतलं, असं शिपाई म्हणाला.

गणित तिसऱ्या खेपेला सुटलं. चौपन्न मार्क. तीन वर्षांनी डिप्लोमा हातात आला. दादाने चौकट आणली. तिने ती नवऱ्याच्या दुकानात नव्या कपड्यांच्या नमुन्यांसाठी लावली आणि सर्टिफिकेट आयटीआयच्या सर्टिफिकेटशेजारी ट्रंकेत ठेवलं.

त्याच वर्षी सुपरवायझरची जागा निघाली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, आता काय, डिप्लोमा आहे, अनुभव आहे, मिळेल. तसं नसतं. डिप्लोमावाल्याला कारखाना शिकाऊ म्हणून घेतो. कामगाराला तिथे जायचं तर कामगार म्हणून राजीनामा द्यावा लागतो. युनियनचं छत्र जातं, ओव्हरटाइम जातो, एक वर्ष कच्च्या नोकरीवर. वर्षअखेर नको म्हणाले तर परत फिटर होता येत नाही. पस्तीस वर्षांच्या बाईने हातातली पक्की नोकरी सोडून वरच्या रकान्यातल्या एका सहीसाठी उडी मारायची. मी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं.

"काका, उद्या पुन्हा कुणी विचारलं 'का', तर मला उत्तर देता येईल. पण उत्तर खालच्या रकान्यातून वर ऐकू जात नाही."

मुलाखतीला मोठे साहेब, बाहेरचे एक गृहस्थ आणि शून्यसाहेब होते. आत काय झालं ते मला शून्यसाहेबानेच सांगितलं, आणि तो आकड्यात खोटं बोलत नाही.

मोठ्या साहेबांनी बॉयलर पंपाचंच विचारलं. तिने कागदावर तेच गणित मांडलं. साहेब खूश दिसले. मग बाहेरच्या गृहस्थांनी जुन्या कार्डांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"बाई, थंड असताना शून्य ठेवलं की नऊ दिवसांत पंप जातो म्हणता. मग या सतरा वर्षांच्या कार्डांवर सगळीकडे शून्य आहे. तरी पंप चालला. तुमचं गणित चुकलं की कार्डं?"

तिला सोपी वाट होती. म्हणता आलं असतं, मला माहीत नाही, माझ्या आधीची आहेत. त्या गठ्ठ्यात माझी कार्डं सगळ्यात जास्त होती.

ती म्हणाली, "कार्डं चुकली साहेब. हाताने पंधरा ठेवायचो, कार्डावर शून्य लिहायचो. रकाना शून्यच मागायचा. त्यातली सात माझी आहेत, मोजून आलेय."

"म्हणजे खोटी नोंद."

"खोटी. त्या खोट्यापायीच पंप गेला. या साहेबांनी जुनी कार्डं बघून शून्य मागितलं. मी कार्डावर कधी खरं लिहिलं असतं तर त्यांनी मागितलं नसतं."

"आणि वर तपासणाऱ्यांच्या सह्या आहेत, त्यांनी काय तपासलं?"

"ते त्यांना विचारा," ती म्हणाली.

त्या सह्यांतले दोघे आता मोठ्या हुद्द्यावर होते. मोठ्या साहेबांनी गठ्ठा हळूच आपल्याकडे ओढून घेतला. त्या गठ्ठ्यावर चौकशी लावायची तर ती वरून सुरू करावी लागली असती, म्हणून ती लागली नाही.

कॅन्टीनमध्ये मात्र बातमी आधीच पोचली होती. वेल्डर तिच्या टेबलावरून उठून दुसरीकडे बसला. युनियनचा माणूस म्हणाला, "सगळ्यांना अडकवलंस. स्वतःच्या खुर्चीसाठी."

"स्वतःला आधी अडकवलं," ती म्हणाली. "मीठ द्या इकडे."

मला राग आला होता. माझ्या सत्तावीस वर्षांना तिने खोटं म्हटलं होतं. दोन आठवडे मी तिच्याशी कामापुरतं बोललो. तीही कामापुरतं बोलली. काम तेवढंच चोख.

तिसऱ्या आठवड्यात नोटीस लागली. शिमताई, सुपरवायझर, एक वर्ष शिकाऊ. तिने त्याच दिवशी फिटरचा राजीनामा दिला. पान्यांची पेटी स्टोअरला परत केली, एकेक पाना मोजून. शिमचा डबा ठेवला. तो तिचा स्वतःचा होता.

पहिल्या सोमवारी बॉयलरच्या पंपाचं वार्षिक काम होतं. मला निवृत्तीला पाच महिने राहिले होते. मी पंप लावला. पंधरा ठेवले. चारही पायांवर डायल लावून पाहिला. बोल्ट आवळले. काम असं केलं की बोट ठेवायला जागा नको. मग कार्ड घेतलं, खालच्या रकान्यात सही केली आणि तिच्याकडे पाठवलं.

ती स्वतः आली. खाली वाकली, दांडा फिरवला, काटा पाहिला. मोटरच्या पायांना हात लावला. कपलिंगवर बोट फिरवलं. माझं काम कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं. उस्तादानंतर कुणीच नाही.

मग तिने कार्ड उघडलं. पेन काढलं. आणि सही न करता कार्ड माझ्यापुढे धरलं.

"काका, काम एक नंबर आहे. कार्ड खोटं आहे."

मी पाहिलं. 'फरक' या रकान्यात माझ्या हाताने शून्य लिहिलं होतं. मी ते कधी लिहिलं मला आठवेना. हातानेच लिहिलं होतं.

वेल्डर बघत होता. इलेक्ट्रिशियनही.

"सवय," मी म्हणालो.

"माहीत आहे. मलाही आहे." तिने आवाज खाली आणला. "पण मी आज इथे शून्यावर सही केली, तर पुढचा साहेब पुन्हा शून्य मागेल. आणि तेव्हा पत्र कुणाला मिळेल ते तुम्हाला माहीत आहे."

मी पेन घेतलं. शून्य खोडलं, असं की खोडलेलं दिसावं. शेजारी लिहिलं: थंड, मोटर वर पंधरा रेघा. खाली पुन्हा सही केली, कारण खाडाखोडीवर सही लागते.

तिने ते वाचलं. वरच्या रकान्यात सही केली. तिची अक्षरं मोठी होती. रकाना लहान पडला.

"आता कारण लिहा," ती म्हणाली.

"कारणाला रकाना नाही."

"मागच्या बाजूला जागा आहे."

मी कार्ड उलटं केलं आणि बाकावर ठेवलं. लिहायला जरा वेळ लागला. एकोणीस, पाच, चौदा. आणि एक उस्तादाचा.